मेलेल्या कोंबडीचा हिशेब

बर्ड फ्लूच्या नुकसानभरपाईत एक नियम असा आहे, की तो ऐकताच पोल्ट्रीवाल्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरतो. रोगाने मेलेल्या पक्ष्याचे पैसे मिळत नाहीत. सरकारी पथक शेडमध्ये येते, जिवंत पक्षी मोजते आणि मारते, तेवढ्याच पक्ष्यांचे पैसे मिळतात. आदल्या रात्रीपर्यंत मेलेले पक्षी सगळे मालकाच्या खात्यावर. आजारी कोंबडी सकाळपर्यंत तग धरून राहिली आणि पथकाच्या हातून मेली, तर तिची किंमत आहे. पहाटे पिंजऱ्यातच मान टाकली, तर नाही.

नियम क्रूर वाटतो, पण त्यामागे विचार आहे. ही रक्कम विमा म्हणून दिली जात नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी सरकारने तुमची मालमत्ता नष्ट केली, तिचा तो मोबदला आहे. मेलेल्या पक्ष्याचे पैसे मिळाले असते, तर मालक मर वाढू देऊन वाट पाहत बसला असता. जिवंत पक्ष्याचेच पैसे मिळतात म्हटल्यावर लवकर कळवण्यात त्याचा फायदा होतो. अडचण एवढीच, की नियम शेडपर्यंत पोचतो तो रोग आल्यावर. तोवर निम्मा हिशेब हातातून गेलेला असतो.

महाराष्ट्राने हे पहिल्यांदा २००६च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला पाहिले. भारतात एच५एन१ विषाणूची पहिली नोंद तिथलीच, भोपाळच्या प्रयोगशाळेने १८ फेब्रुवारीला निदान जाहीर केले. त्याआधी शेडमध्ये मर सुरू होती, आणि ती राणीखेत आहे असाच समज होता. त्यात नवल नव्हते. राणीखेतमध्येही कोंबड्या धडाधड मरतात, हिरवी विष्ठा होते, अंडी घटतात. नुसत्या डोळ्यांनी दोन्ही रोग वेगळे ओळखता येत नाहीत. नवापूरमध्ये पुढे लाखो पक्षी मारले गेले. २०२१च्या सुरुवातीला रोग पुन्हा तिथे आला. त्याच वर्षी जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावी आठशेच्या आसपास कोंबड्या मेल्यावर तपासणी झाली आणि ११ जानेवारीला बर्ड फ्लूचे निदान आले. वर्ध्याच्या शेजारी, नागपूरच्या सरकारी प्रादेशिक अंडी उबवणी केंद्रात २०२४ मध्ये हाच रोग निघाला आणि साडेआठ हजारांच्या आसपास पक्षी मारावे लागले. तिथे डॉक्टर दारातच होते आणि नोंदीही सरकारी होत्या, तरी विषाणू आत शिरलाच.

वर्धा जिल्ह्यात शेतीला जोड म्हणून लेयर आणि ब्रॉयलरची शेडे आहेत, आणि घरोघरी परसातल्या देशी कोंबड्याही आहेत. तिथल्या मालकाने रोग आल्यावर कोणता अर्ज कसा लिहावा, हे या लेखात पाहायचे आहे. त्यासाठी एक काल्पनिक फार्म घेऊ. सेलू तालुक्यात, रस्त्यापासून आत, पाच हजार लेयर कोंबड्यांचा. यातले आकडे मी मांडणीसाठी धरले आहेत, दर मात्र खरे आहेत. जानेवारी २०२१ मध्ये राज्य सरकारने ते जाहीर केले: आठ आठवड्यांवरील अंड्याच्या कोंबडीला ९० रुपये, त्याखालच्या पिल्लाला २०. सहा आठवड्यांवरील ब्रॉयलरला ७०, त्याखालच्याला २०. नष्ट केलेल्या अंड्याला ३ रुपये आणि खाद्याला किलोमागे १२ रुपये. बदकांसाठी दर वेगळे आहेत. दर मधूनमधून बदलतात, म्हणून अर्ज लिहिण्याआधी तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्याकडून चालू शासन निर्णयाची प्रत मागून घ्यावी.

आपल्या मालकाने सोळा आठवड्यांच्या ५००० पुलेट घेतल्या. खरेदीच्या पावतीवर संख्या, तारीख आणि उबवणी केंद्राचे नाव आहे. पहिला पुरावा हाच, कारण दर वयावर ठरतो आणि वय पावतीवरूनच सिद्ध होते. त्यानंतर शेडमध्ये एक नोंदवही चालू असते. अनेकांची ती असते, पण अर्धी कोरी. पाहिजे ती इतकीच: तारीख, सकाळची एकूण संख्या, मेलेल्या, विकलेल्या, उरलेल्या, खाद्य किती, अंडी किती, लस किंवा औषध काय. १० जानेवारीच्या सकाळपर्यंत त्या वहीत २१४ मेलेल्या आणि ६० विकलेल्या आहेत. म्हणजे उरल्या ४७२६.

त्या दिवशी ९ मेल्या. रोज एक-दोन मरण्याची सवय असलेल्या शेडमध्ये ९ हा वेगळा आकडा आहे, पण घाबरवणारा नाही. ११ तारखेला ३१. खाद्य उरले, पाणी कमी प्यायले, काही अंडी कवचाशिवाय मऊ निघाली. तुरे आणि गळ्याखालचे लोंबते कल्ले निळसर दिसले, पायांच्या खवल्यांखाली रक्ताचे ठिपके. पिंजऱ्यांच्या शेडमध्ये रोग बहुधा एका कोपऱ्यातून सुरू होतो, एका रांगेतून शेजारच्या रांगेत जातो. म्हणून मर कुठल्या रांगेत आहे, हे लिहून ठेवलेले बरे.

याच दिवशी कळवायचे. प्राण्यांमधील सांसर्गिक रोगांच्या प्रतिबंध व नियंत्रणाचा कायदा २००९ सालचा आहे. अनुसूचित रोगाचा संशय आला तर कळवणे त्यात मालकावर बंधनकारक आहे. तोंडी फोन झाला, तरी त्याच दिवशी ग्रामपंचायतीला आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला दोन ओळींचे पत्र द्यावे आणि आवक क्रमांकाची पोच घ्यावी. ही पोच पुढच्या अर्जातले सगळ्यात मोलाचे कागदपत्र ठरते, कारण त्यावर तारीख असते. पथक उशिरा आले आणि मधल्या दिवसांत पक्षी मेले, तर मालकाने वेळेवर कळवले होते हे दाखवायला दुसरे काही नसते.

डॉक्टर आल्यावर ते मेलेल्या आणि आजारी पक्ष्यांचे नमुने घेतात. घशातला आणि विष्ठाद्वारातला द्रव कापसाच्या बोळ्यावर घेऊन बर्फात पॅक करतात. पुण्याच्या रोग अन्वेषण विभागामार्फत प्राथमिक तपासणी होते आणि अंतिम निदान भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत. निकाल येईपर्यंत फार्मवरून काही बाहेर न्यायचे नाही, अंडीही नाहीत, खतही नाही. डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्यांच्या पत्राची आणि शवविच्छेदनाच्या नोंदीची प्रत मागून ठेवावी. राणीखेतच्या लसींच्या तारखा वहीत असतील, तर त्याही डॉक्टरांना दाखवाव्यात. लस वेळेवर दिलेली असूनही अशी मर झाली, म्हणजे राणीखेतवर शंका कमी आणि फ्लूवर जास्त, हे तपासणाऱ्यालाही उपयोगी पडते.

वाट पाहण्याच्या या दिवसांत मर वाढत जाते. १२ तारखेला ८८, १३ ला १६४, १४ ला २४०, १५ ला ३१०. सहा दिवसांची बेरीज ८४२. भोपाळचा निकाल १५ ला आला, १६ च्या सकाळी पथक.

इथे मालकाच्या मनात एक मोह येतो आणि त्याच्याबद्दल स्पष्ट लिहायला हवे. प्रत्येक मेलेल्या कोंबडीमागे ९० रुपये जातात. वहीत मर कमी लिहिली, तर जिवंत जास्त दिसतील असे वाटते. पण पथक वहीवर पैसे देत नाही, डोळ्यासमोर मोजलेल्यांवर देते. वहीत ४५०० उरल्या आणि मोजणीत ३९०० निघाल्या, तर वहीचीच किंमत जाते. शिवाय लेयर कोंबडी रोज अंदाजे ११० ग्रॅम खाद्य खाते. ४७२६ कोंबड्यांना रोज सव्वापाच क्विंटलच्या आसपास लागते. खाद्याची बिले, शिल्लक पोती आणि रोजची अंडी यांवरून कुणीही अनुभवी अधिकारी पाच मिनिटांत खरी संख्या काढतो. मेलेल्यांचे पैसे मिळत नसले, तरी मेलेल्यांची खरी नोंद हाच जिवंतांच्या संख्येचा आधार आहे. ज्या मालकाने ८८, १६४, २४० असे रोजचे आकडे लपवले नाहीत, त्याच्या ३८८४ वर विश्वास बसतो.

हे ८४२ पक्षी खड्ड्यात पुरताना डॉक्टरांची किंवा त्यांच्या सहकाऱ्याची हजेरी असावी, नसेल तर तारीख दिसेल असे फोटो तरी असावेत. उघड्यावर किंवा नाल्यात टाकलेला एक जरी पक्षी कावळ्या-कुत्र्यांनी पळवला, तर शेजारच्या गावाला रोग जातो आणि त्याची चौकशी मालकापर्यंत येते.

१६ तारखेचा दिवस पथकाचा. सर्वेक्षणाच्या नियमाप्रमाणे रोग सापडलेल्या ठिकाणापासून एक किलोमीटर परिसर बाधित क्षेत्र आणि दहा किलोमीटर परिसर देखरेखीचे क्षेत्र जाहीर होते. एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारले जातात, निरोगी असले तरी. पांढऱ्या किटमधले लोक पिंजरे रिकामे करू लागले, की शेड ओळखीचे राहत नाही. मान पिरगळून पक्षी मारतात, पिशव्यांत भरतात, चुन्याचा थर देऊन खोल खड्ड्यात पुरतात. दोन मीटर लांब, रुंद आणि खोल खड्ड्यात सुमारे १८०० पक्षी मावतात, असा शासकीय अंदाज आहे. आपल्या फार्मवर म्हणजे असे दोन-तीन खड्डे लागतील, आणि त्यासाठी जागा आधी ठरवावी, विहिरीपासून दूर.

मोजणी मात्र मारण्याच्या आधी सुरू होते आणि सगळी हातघाई तिथेच असते. पिंजऱ्यातून काढताना दहा-दहाचे गट धरणे आणि प्रत्येक पिशवीवर संख्या लिहिणे ही सोपी पद्धत आहे. मालकाचा एक माणूस पथकाबरोबर उभा राहून स्वतःची टीप ठेवतो. आपल्या फार्मवर वहीप्रमाणे ३८८४ हव्या होत्या. मोजल्या तेव्हा ३८७१ निघाल्या. तेरा कमी. शोधले तर रात्रीतून मेलेल्या तेरा पिंजऱ्यात पडलेल्या होत्या, आणि म्हणून त्या १५ च्या नोंदीत आल्या नव्हत्या. त्या बाजूला काढून १६ च्या सकाळची मर म्हणून नोंदवल्या, आणि पंचनाम्यात तसे लिहून घेतले. हा फरक दडपला असता, तर पुढे तोच आक्षेप झाला असता. लिहून ठेवल्यावर तो नुसता हिशेब झाला.

पंचनाम्यात काय आहे, हे सही करण्याआधी वाचावे. मारलेल्या पक्ष्यांची संख्या, त्यांचे वय, नष्ट केलेली अंडी आणि खाद्य, हजर असलेल्यांच्या सह्या. त्या दिवशी मालक खचलेला असतो, चहासुद्धा गळ्याखाली उतरत नाही, आणि कुणीतरी कागद पुढे करून सही कर म्हणते. तरीही वाचावे. अंडी आणि खाद्य पंचनाम्यात लिहायचे राहून गेले, तर नंतर त्यांचा दावा उभा करणे फार कठीण जाते. आपल्या शेडमध्ये अंडी होती ३० च्या १४० ट्रे, म्हणजे ४२००. खाद्य साडेतीन टन.

आता अर्ज. त्यात भावना नको, आपण किती कर्जात आहोत हेही नको. तपासणाऱ्याला एकच प्रश्न सोडवायचा असतो: ही संख्या खरी कशी? ते उत्तर पहिल्या परिच्छेदात मिळाले पाहिजे. मी तो असा लिहीन.

प्रति, मा. पशुसंवर्धन उपायुक्त, वर्धा. मार्फत: पशुधन विकास अधिकारी, सेलू.

विषय: बर्ड फ्लूमुळे मारलेल्या लेयर कोंबड्या, नष्ट केलेली अंडी व खाद्य यांची नुकसानभरपाई मिळणेबाबत.

महोदय, माझ्या मौजे अमुक येथील फार्मवर सोळा आठवड्यांच्या ५००० पुलेट अमुक दिनांकास खरेदी केल्या (पावती जोडली आहे). दि. १० जानेवारीच्या सकाळपर्यंत २१४ मृत व ६० विक्री वजा जाता ४७२६ पक्षी शिल्लक होते. दि. १० ते १५ या काळात ८४२ व १६ च्या पहाटे १३, असे एकूण ८५५ पक्षी रोगाने मेले. असामान्य मर दिसताच दि. ११ रोजी मी पशुवैद्यकीय दवाखाना व ग्रामपंचायत यांना लेखी कळवले (पोच जोडली आहे). दि. १६ रोजी शासनाच्या पथकाने शिल्लक ३८७१ पक्षी मारले, ४२०० अंडी व ३५०० किलो खाद्य नष्ट केले (पंचनामा जोडला आहे). वहीतील शिल्लक व मोजणी यांतील १३ पक्ष्यांच्या फरकाचे कारण पंचनाम्यात नमूद आहे. रोगाने मेलेल्या पक्ष्यांची मागणी या अर्जात नाही.

पुढे हिशेब. ३८७१ पक्षी गुणिले ९० म्हणजे ३,४८,३९०. ४२०० अंडी गुणिले ३ म्हणजे १२,६००. ३५०० किलो गुणिले १२ म्हणजे ४२,०००. एकूण ४,०२,९९० रुपये. त्याखाली बँक खाते, आधार जोडल्याचा उल्लेख आणि जोडपत्रांची नावे. अर्जाची प्रत जिल्हाधिकाऱ्यांना आणि तहसीलदारांना.

‘मेलेल्यांची मागणी नाही’ हे वाक्य मुद्दाम घातले आहे. त्याने अर्ज तपासणाऱ्याची पहिली शंका मिटते आणि आपल्याला नियम माहीत आहे हेही दिसते.

या मांडणीतल्या मालकाचे मेलेल्या पक्ष्यांपोटी बुडाले ८५५ गुणिले ९०, म्हणजे ७६,९५०. त्याने ११ ला कळवले, ते १३ ला कळवले असते आणि पथक तितकेच पुढे गेले असते, तर वाढत्या मरीच्या आणखी दोन दिवसांत हा आकडा सहज दुप्पट झाला असता. आणि जे मिळते तेही पुरेसे नसते. पुलेट सोळा आठवड्यांची होईपर्यंत पाच-सहा किलो खाद्य खाते, एवढ्याच खर्चाने ९० रुपये ओलांडले जातात. त्यात पिल्लाची किंमत, लस, वीज, मजुरी धरलेली नाही. पुढचे काही महिने फार्म रिकामा राहतो, त्याचे कुणीच काही देत नाही. म्हणून भरपाईच्या दरांचा अधूनमधून फेरविचार व्हायला हवा आणि तो उत्पादनखर्चाशी जोडून व्हायला हवा, असे माझे ठाम मत आहे. दराने मालकाला लवकर कळवायला प्रवृत्त करायचे असेल, तर तो दर खर्चाच्या जवळ तरी असला पाहिजे.

ब्रॉयलरवाल्याची कोंडी यापेक्षाही वेगळी आहे. ब्रॉयलर पाच ते सहा आठवड्यांत विक्रीला जातो. म्हणजे ३८ दिवसांचा दोन किलोचा पक्षी, विक्रीला तयार असतानाच मारला, तरी तो सहा आठवड्यांच्या आतला म्हणून २० रुपयांच्या रकान्यात पडतो. ७० रुपयांचा दर कागदावर आहे, पण फार्मवर त्या वयाचे पक्षी क्वचितच असतात. पिल्लाची खरेदीच अनेकदा २० रुपयांहून महाग असते. ४२ दिवसांच्या वरचा लॉट असेल, तर पिल्लांच्या पावतीची तारीख अर्जाच्या अगदी वर लिहावी, कारण एका दिवसाने दर बदलतो.

त्यातही करारावर पाळणाऱ्याचा प्रश्न आहे. विदर्भात अनेक जण कंपनीशी करार करून पक्षी वाढवतात. पिल्ले, खाद्य, औषध कंपनीचे. शेड, वीज, मजुरी पाळणाऱ्याची, आणि पैसे वजनाप्रमाणे मिळणारी वाढणावळ. पक्षी मारले गेले, तर पक्ष्याची मालकी कोणाची, हा पहिला प्रश्न येतो. पाळणाऱ्याच्या नावाने अर्ज करावा की कंपनीच्या, हे करारात काय लिहिले आहे त्यावर ठरते, आणि बऱ्याच करारांत रोगाने पक्षी मारले गेल्यास पाळणाऱ्याच्या वाढणावळीचे काय, याबद्दल एकही ओळ नसते. करार करताना ही ओळ लिहून घ्यावी. रोग आल्यावर ती मागायला गेलेल्याला कुणी दारात उभे करत नाही.

परसातल्या कोंबड्यांची वही नसते. एक किलोमीटरच्या आत येणाऱ्या घरातल्या सात-आठ कोंबड्या पथक उचलते तेव्हा ती घरच्या बाईची अंड्यांची मिळकत असते. २००६ मध्ये जळगाव जिल्ह्यातला रोग अशाच घरगुती कोंबड्यांत होता. लोक कोंबड्या घरात, माळ्यावर लपवतात, आणि त्यात राग कसा धरावा? पण लपवलेली कोंबडी पुढच्या आठवड्यात मेली, तर तिचे काहीच मिळत नाही आणि रोग मात्र गावात राहतो. अशा घरांना पथकाने संख्या आणि वय लिहिलेली पावती जागेवरच द्यायला हवी. ती मागून घ्यावी, चिठ्ठी का असेना, सही असलेली.

खासगी विमा असेल, तर तो वेगळा मार्ग आहे. विमा कंपनीला रोगाची माहिती पॉलिसीत ठरलेल्या मुदतीत द्यावी लागते आणि शवविच्छेदनाचा अहवाल मागितला जातो. सरकारी आदेशाने मारलेले पक्षी पॉलिसीत येतात की वगळलेले आहेत, हे कागद काढून आजच वाचावे. दोन्ही ठिकाणी मागितलेल्या संख्या मात्र जुळल्या पाहिजेत. इथे ३८७१ आणि तिथे ४०००, असे झाले तर दोन्ही दावे अडकतात.

अर्ज दिल्यावर पैसे लगेच येत नाहीत. ही रक्कम केंद्र आणि राज्य सरकार निम्मी-निम्मी देते, त्यामुळे जिल्ह्याचा प्रस्ताव पुण्याच्या आयुक्तालयाकडे जातो आणि निधी आला की खात्यावर जमा होतो. मधल्या काळात शेडची साफसफाई होते. विष्ठा आणि तूस पुरतात, चुना मारतात, जंतुनाशक फवारतात. सफाई पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र घ्यावे, कारण नव्या पिल्लांची परवानगी त्यावर आणि त्यानंतरच्या सुमारे तीन महिन्यांच्या देखरेखीवर अवलंबून असते. तीन महिन्यांत पैसे आले नाहीत, तर पुन्हा विनवण्या करत बसू नये. दहा रुपयांच्या शुल्कात माहितीच्या अधिकाराखाली दोनच प्रश्न विचारावेत: माझा प्रस्ताव कोणत्या तारखेला, कोणत्या जावक क्रमांकाने पुढे गेला, आणि सध्या कोणाच्या टेबलावर आहे. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते, न दिल्यास त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते.